पहिली बॅच, १० लिटर, सांगलीचा एप्रिल: मॅशपासून यीस्टपर्यंत तापमानाचं काय करायचं?

कृष्णाकाठ | २ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. घरी पहिल्यांदाच बिअर करायची म्हणतोय. जमवाजमव झालीये: २.२ किलो पेल माल्ट (अख्खं, न दळलेलं), ५० ग्रॅम कॅस्केड हॉप्स, एल यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट, हायड्रोमीटर, २० लिटरचं स्टीलचं पातेलं आणि आईनं मलमलीची शिवून दिलेली मोठी पिशवी. धान्य पिशवीत घालून सगळ्या पाण्यात एकदमच भिजवायचं, दुसरं भांडं नको, असा विचार आहे.

वाचलंय बरंच, पण सगळीकडे आकडे तापमानाचे. मॅश ६६ अंशांना तासभर, मग तासभर उकळी, मग पटकन थंड, मग यीस्ट १८ ते २२ ला. आमच्याकडे गॅसची शेगडी आहे, तिच्यावर ६६ धरून ठेवायचं कसं? आणि दुपारी घरातच ३४-३५ असतं, तर १८ कुठून आणू? यातला कुठला आकडा खरंच पाळायचा आणि कुठे थोडं इकडंतिकडं चालतं, एवढंच सांगा.

हळद_बाजार | २ एप्रिल, रात्री १०:१५

एवढं काय त्यात. माल्ट दळून आण, पाण्यात टाक आणि सरळ उकळ तासभर. जितकं उकळेल तितकं सत्त्व उतरतं. जर्मन लोक मॅश उकळतातच, व्हिडिओ आहेत. गाळ, थंड कर, बेकरीचं यीस्ट टाक. माझ्या मित्रानं असंच केलंय. चढली चांगली.

अजिंक्यतारा | ३ एप्रिल, सकाळी ७:०५

हळदभाऊ, जर्मन मॅश उकळतात हे खरं, पण सगळा नाही. थोडा भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मोठ्या मॅशमध्ये ओततात. उरलेल्या भागातली एन्झाइम्स जिवंत असतात, ती पुढचं काम करतात. सगळंच उकळलं की एन्झाइम मेलं, आणि मग हातात राहते ती जवाची खळ. पिष्ट पाण्यात उतरतं, साखर होत नाही. यीस्ट पिष्ट खात नाही.

कृष्णाकाठ, मी साताऱ्याचा, पुण्यात एका मायक्रोब्रूअरीत काही वर्षं मॅश टनपाशी काढली आहेत. तुमचा मॅशचा आकडा आधी घेऊ, कारण बिअर कशी होणार ते तिथंच निम्मं ठरतं.

माल्टमध्ये पिष्ट तोडणारी दोन एन्झाइम्स कामाची. एक ६० ते ६५ च्या आसपास खुशीत असतं आणि यीस्टला पचेल अशी साधी साखर बनवतं. दुसऱ्याला ७० च्या आसपास बरं वाटतं, ते मोठे तुकडे पाडतं, त्यातले बरेच यीस्टला पचत नाहीत आणि बिअरमध्ये अंग म्हणून राहतात. ६६ म्हणजे दोघांची सोय. ६३ ला ठेवलंत तर बिअर कोरडी, हलकी. ६९ ला ठेवलंत तर जाड, किंचित गोडसर. दोन्ही पिण्यासारख्याच होतील. म्हणून ६६ वर दोन अंश इकडंतिकडं झालं तर जीव टांगणीला लावू नका. ७५ ओलांडलं तर मात्र खेळ संपला, कारण मेलेलं एन्झाइम थंड करून परत उठत नाही.

गॅसवर धरून ठेवायचंच नाही. १५ लिटर पाणी ६८-६९ ला आणा, गॅस बंद करा, पिशवी लावून भरड हळूहळू सोडत ढवळा, म्हणजे गुठळ्या राहणार नाहीत. धान्य घरातल्या तापमानाचं असलं तरी पाण्यापुढे थोडंच आहे, दोनेक अंश उतरून ६६ वर येईल. मग झाकण लावून पातेलं दोन गोधड्यांत गुंडाळा. एप्रिलच्या सांगलीत तासाभरात तीन-चार अंशांपेक्षा जास्त उतरायचं नाही. मध्ये गॅस लावायचा मोह होईल, लावू नका. पिशवी बुडाला टेकते, तिथं करपते आणि थर्मामीटर वरच्या पाण्याचं तापमान दाखवत राहतं.

कृष्णाकाठ | ३ एप्रिल, सकाळी ८:३०

पंधरा लिटर कसं आलं? बॅच तर दहाची आहे.

अजिंक्यतारा | ३ एप्रिल, सकाळी ८:५२

धान्य पिऊन बसतं. पिशवी दाबून पिळलीत तरी किलोमागं पाऊण-एक लिटर जातं, म्हणजे पावणेदोन. उरलं सव्वातेरा. मोठ्या शेगडीवर उघड्या पातेल्यात तासाभरात तीनेक लिटर वाफ होते. उरले दहा. तुमची शेगडी लहान असेल तर कमी उडेल. पातेल्याला आतून पट्टीनं लिटरच्या खुणा करून घ्या, म्हणजे अंदाज राहील.

दळायचं म्हणाल तर पिठाच्या गिरणीत पीठ करून आणू नका. एका दाण्याचे चार-पाच तुकडे झाले की पुरे, साल शक्यतो अख्खी राहू दे. आणि मिरची कांडप चालणाऱ्या गिरणीत अजिबात जाऊ नका, वास जन्मात जात नाही.

सत्त्वाची_खीर | ३ एप्रिल, दुपारी १२:२०

माल्ट विकत कशाला आणलं? मी नाचणीला घरीच मोड आणते. रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दोन दिवस, मग सावलीत वाळवून भाजून दळायची. नातवाला सातव्या महिन्यापासून देते. पचायला हलकं होतं. यात यीस्ट कधी घालायचं असतं ते कळलं नाही, बाळाला चालतं का?

अजिंक्यतारा | ३ एप्रिल, दुपारी १:०२

ताई, नका घालू, हा धागा बिअरचा आहे. पण तुमचं मोड आणणं हेच माल्टिंग आहे. मोड येताना दाणा स्वतःसाठी एन्झाइम बनवतो, म्हणून पचायला हलकं होतं. फरक एवढाच, की तुम्ही शेवटी कडक भाजता तेव्हा एन्झाइम बरंचसं मरतं. बाळाला त्यानं काही फरक पडत नाही, मॅशला पडतो. कारखान्यात पेल माल्ट आधी मंद आचेवर कोरडं करतात आणि मगच हळूहळू तापमान चढवतात, म्हणून त्यात जीव राहतो.

सत्त्वाची_खीर | ३ एप्रिल, दुपारी १:१०

अगंबाई. बरं झालं विचारलं.

मिरज_लॅब | ३ एप्रिल, रात्री ९:२५

मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये होते, बिअर केलेली नाही. तरी मॅश झाला की नाही हे घड्याळावर सोडू नका एवढं सांगते. तासाभरानं चमचाभर पातळ पाणी पांढऱ्या बशीत घ्या, गार होऊ द्या, त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. काळंनिळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं ठेवा. आयोडीनचाच तपकिरी रंग राहिला तर साखर झाली. भरडीचा कण आला तर तो काळा पडणारच, म्हणून वरचं पाणी घ्या. आणि बशीतलं पातेल्यात परत ओतू नका.

पाणी कुठलं घेणार? नळाचं असेल तर आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवा, क्लोरिन उडू द्या. ते माल्टच्या सालीतल्या फिनॉलशी जुळलं की दवाखान्यासारखा वास येतो आणि तो फार थोड्यानंही येतो. बोअरचं असेल तर जडपणा बघा. फिक्या माल्टला जड पाण्यात आम्लता पुरत नाही, साखर नीट होत नाही आणि तुरट लागतं.

कृष्णाकाठ | ३ एप्रिल, रात्री ९:४०

बोअर आहे, गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते. मग निम्मं आरओचं घालतो.

बेदाणा | ४ एप्रिल, सकाळी ६:४५

तासगावहून. आम्ही द्राक्षाची करतो, काय उकळायची भानगड नाही बघा. मणी चुरडायचे, साखर बघून घालायची, झाकायचं. तुमच्यात दोनदोनदा तापवायचं आणि गार करायचं, गॅसच किती जळतोय. उकळलं नाही तर काय बिघडतंय? गेल्या साली आमची एक बरणी व्हिनेगर झाली, ते कशानं झालं असेल तेबी सांगा.

अजिंक्यतारा | ४ एप्रिल, सकाळी ८:१०

बेदाणा, द्राक्षात साखर आयती असते आणि रस चांगला आंबट असतो, त्यामुळे फालतू जंतूंना जागा कमी. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वर्ट, तेवढं आंबट नसतं. शिवाय धान्याच्या सालीवर दही आंबवतात त्याच कुळातले जंतू लाखोंनी असतात. मॅशचे ६६ अंश सगळ्यांना मारत नाहीत. वर्ट न उकळता ठेवलंत तर सांगलीच्या उन्हात दुसऱ्या दिवशी आंबलेलं मिळेल.

उकळीची आणखी दोन कामं आहेत. हॉप्समधला कडवटपणा नुसत्या गरम पाण्यात नीट उतरत नाही, त्याला उकळीत वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडू करतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत टाकलेले वास देतात. कृष्णाकाठ, तुमच्या कॅस्केडच्या पाकिटावर अल्फा आम्ल ६ टक्क्यांच्या आसपास लिहिलं असेल तर १५ ग्रॅम सुरुवातीला आणि १० ग्रॅम शेवटी. मध्यम कडू होईल. उरलेले हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवा.

दुसरं काम वासाचं. माल्टमधला एक घटक तापला की उकडलेल्या मक्यासारखा वास सुटतो. वाफेबरोबर तो निघून जातो, पण पातेलं उघडं असलं तरच. झाकण लावून उकळलंत तर थेंब थेंब परत आत. म्हणून उकळीला झाकण नाही. आणि उकळी फुटायच्या वेळी पातेल्यापासून हलू नका, प्रथिनांचा फेस एकदम वर येतो आणि शेगडीवर उतू जातो. गार पाण्याचा हबका जवळ ठेवा.

तुमच्या व्हिनेगरला हवा कारण. वर हवा आणि आत दारू असली की ते जंतू येतात. बरणी काठापर्यंत भरत जा.

वाई_घाट | ४ एप्रिल, सकाळी १०:३०

सगळे इतक्या मोकळेपणानं बोलताय म्हणून विचारतो, हे कायद्यात बसतं का? १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे, पण त्यात घरी बनवायचं कुठे लिहिलेलं नाही.

अजिंक्यतारा | ४ एप्रिल, सकाळी १०:५५

बरोबर. परवाना पिण्याचा आणि बाळगण्याचा, बनवण्याचा नाही. उत्पादनाला वेगळा परवाना लागतो आणि तो घरच्या पातेल्याला मिळत नाही. स्वतःपुरती केली म्हणून सूट आहे असं मला कायद्यात कुठे दिसलेलं नाही. आम्ही ब्रूअरीत लिटरमागं हिशेब देत होतो.

हां, यीस्ट पडेपर्यंत ते माल्टचं गोड पाणीच असतं. मॅश, उकळी, थंड करणं हे सगळं तिथवर शिकता येतं.

हळद_बाजार | ४ एप्रिल, सकाळी ११:०५

दहा लिटरसाठी कोण येतंय.

वाई_घाट | ४ एप्रिल, सकाळी ११:१२

कोणी येतं की नाही हा वेगळा प्रश्न. मी आपला गोड पाण्यापर्यंतच थांबेन.

कृष्णाकाठ | ४ एप्रिल, दुपारी २:००

वाचलं. जे ठरवायचं ते माझं मी ठरवतो, त्यावर इथं नको. रविवारी पातेलं चढवतोय.

कृष्णाकाठ | ७ एप्रिल, रात्री ११:३५

मॅश जमला. धान्य टाकल्यावर ६७, गोधडी काढली तेव्हा ६३. आयोडीन तपकिरीच राहिलं. पिशवी दोघांनी मिळून पिळली. उकळीला फेस आला, हबका कामी आला. शेवटी दहा लिटरला चिमूटभर कमी.

पण हायड्रोमीटरनं घात केला. १.०४६ यायला हवं होतं, दाखवतोय १.०३०! माल्ट जुनं असणार. साखर घालून वर आणू का? अजून पातेलं गरमच आहे, लगेच सांगा.

हळद_बाजार | ७ एप्रिल, रात्री ११:४१

अर्धा किलो साखर टाक आणि मोकळा हो.

मिरज_लॅब | ७ एप्रिल, रात्री ११:४४

काही टाकू नका. नमुना किती अंशांना मोजला?

कृष्णाकाठ | ७ एप्रिल, रात्री ११:४७

नळीत ओतून लगेच. थर्मामीटर बुडवला तर ६० दाखवतोय.

मिरज_लॅब | ७ एप्रिल, रात्री ११:५८

मग तुमची साखर कुठे गेली नाही. हायड्रोमीटरवर बारीक अक्षरात २० अंश लिहिलं असेल, तो त्याच तापमानाला खरं बोलतो. गरम द्रव पातळ होतो, काटा खोल जातो, आकडा कमी दिसतो. ६० अंशांना साधारण ०.०१५ ची भर घालायची, म्हणजे १.०४५. अगदी ठरवल्याप्रमाणे. इतक्या गरम नमुन्यावर दुरुस्तीचा भरवसा मी फार ठेवत नाही, म्हणून नळी वाटीभर बर्फात ठेवा आणि २० ला परत बघा. ३० अंशांना असता तर दोन-अडीच अंकांचाच फरक, तो चालला असता.

कृष्णाकाठ | ८ एप्रिल, रात्री १२:२५

गार करून १.०४५. ताई, हात जोडले. साखर वाचली.

पण आता दुसरं. टाकीचं पाणीच ३२ अंशांचं आहे. टबात पातेलं ठेवून पाणी दोनदा बदललं, ३६ च्या खाली यायलाच तयार नाही. बर्फाची लादी आणली होती, ती सगळी पहिल्याच पाण्यात विरघळून गेली.

अजिंक्यतारा | ८ एप्रिल, रात्री १२:३१

बर्फ शेवटी वापरायचा असतो. आधी साध्या पाण्यानं ३५-४० पर्यंत आणायचं, मग बर्फाचं पाणी. ३५ वरून २० वर यायला दहा लिटरला हिशेबानं दोन किलो बर्फ पुरतो, पण टब आणि हवा आपला वाटा घेतात, पाच-सहा किलो धरा. वर्टमध्ये बर्फ टाकू नका, उकळून जे मारलं ते परत येईल.

आता बर्फ नसेल तर झाकून ठेवा आणि सकाळी बर्फ आणा.

हळद_बाजार | ८ एप्रिल, रात्री १२:३८

ऑस्ट्रेलियात तर गरम वर्टच कॅनमध्ये भरून बूच लावतात, दुसऱ्या दिवशी आपोआप गार. बर्फाची कटकट कशाला?

अजिंक्यतारा | ८ एप्रिल, रात्री १२:४४

हे खरं आहे, आणि पाण्याची ओरड असलेल्या गावात मला ते पटतंही. पण कॅन गरम सोसणारा, खाण्याच्या दर्जाचा हवा आणि वर्ट जवळजवळ उकळतं असतानाच भरायला हवं, म्हणजे कॅन आतून निर्जंतुक होतो. ३६ ला भरून उपयोग नाही. शिवाय शेवटी टाकलेले हॉप्स गरमात राहून कडू होत बसतात, म्हणून त्यांचा हिशेब बदलावा लागतो. पुढच्या बॅचला करून बघा.

कृष्णाकाठ | ८ एप्रिल, सकाळी ९:१०

रात्री धीर निघाला नाही. ३० वर आलं तेव्हा निर्जंतुक केलेल्या कॅनमध्ये ओतलं, पाच मिनिटं हलवलं आणि यीस्ट भुरभुरलं. एअरलॉक लावला. सकाळी आताच बुडबुडे सुरू! इतक्या लवकर?

अजिंक्यतारा | ८ एप्रिल, सकाळी ९:४०

गरम आहे म्हणून लवकर. हेच मला नको होतं. पहिले दोन-तीन दिवस यीस्ट वाढत असतं, तेव्हाच्या उष्णतेत जड अल्कोहोल आणि नेलपॉलिशसारखा वास तयार होतो. नंतर गार करून ते मिटत नाही. त्यात आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, कॅनच्या आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं. खोली ३० असेल तर यीस्टच्या अंगाला ३४.

आत्ताच करा: कॅन परातीत ठेवा, परातीत चार बोटं पाणी, कॅनभोवती जाड टॉवेल आणि त्याचं टोक पाण्यात, समोर पंखा. माठ जसा पाझरून गार होतो तसंच. एप्रिलची हवा कोरडी आहे तोवर चार-पाच अंश उतरतात. परातीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलत राहा. थर्मामीटर कॅनच्या अंगाला टेपनं चिकटवा, खोलीचं तापमान बघून काही कळत नाही.

कृष्णाकाठ | ८ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

अंगाला २६ आलंय. रात्री बाटल्या बदलायला उठावं लागणार. बायको विचारते, घरात कोण आजारी आहे.

बेदाणा | ८ एप्रिल, रात्री ८:०५

आमच्या बरणीला पण गुंडाळू का टॉवेल?

कृष्णाकाठ | ११ एप्रिल, सकाळी ८:००

बुडबुडे थांबले. वरचा फेसही बसला. म्हणजे झाली?

हळद_बाजार | ११ एप्रिल, सकाळी ८:१५

झाली. एअरलॉक थांबला की काम संपलं. साखर घालून भर बाटल्या, आठवड्यात फेस धरेल. दोन-चार बाटल्या इकडं पाठव.

अजिंक्यतारा | ११ एप्रिल, सकाळी ८:३३

भरू नका! एअरलॉक झाकणाच्या फटीतून गळती असली तरी थांबतो आणि खोली तापली तर आंबवण संपल्यावरही बुडबुडतो. तो काही मोजत नाही. हायड्रोमीटर टाका, या वेळी तापमान बघून.

कृष्णाकाठ | ११ एप्रिल, सकाळी ९:०५

१.०१४, नमुना २८ अंश. दुरुस्ती धरून १.०१६.

अजिंक्यतारा | ११ एप्रिल, सकाळी ९:२८

बघा, तुमचा मॅश ६७ वरून ६३ वर उतरला होता, म्हणजे साखर पचण्याजोगी जास्त. ही बिअर १.००८ च्या आसपास थांबायला हवी. अजून आठ अंक शिल्लक. आठ अंक म्हणजे लिटरमागं सोळा-सतरा ग्रॅम साखर, आणि बाटलीत फेसासाठी आपण घालतो सहा. आज भरली असती तर ठरलेल्या साखरेवर तिच्या जवळजवळ तिप्पट आणखी आत गेली असती. काच फुटते आणि फुटताना शेजारच्या बाटल्याही घेऊन जाते.

आता टॉवेल काढा. सुरुवातीचे दिवस गेले, आता थोडी ऊब यीस्टला उरलेलं काम संपवायला मदतच करते. पाच दिवसांनी मोजा, मग दोन दिवसांनी परत. आकडा तोच आला तर संपलं.

सातारी_कंदी | ११ एप्रिल, रात्री ९:५०

उशिरा आलो. मिथेनॉलचं कुणीच बोललं नाही. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली, घरगुती दारूनंच ना? पहिली धार फेकायची असते म्हणतात. यात कशी फेकणार?

मिरज_लॅब | ११ एप्रिल, रात्री १०:२०

मालवणीत लोक गेले ते दारूत मिथेनॉल मिसळल्यानं, आंबवण्यानं नाही. आंबवताना मिथेनॉल फळांच्या पेक्टिनपासून थोडंसं होतं, धान्यात पेक्टिन नगण्य. धार हा भट्टीचा विषय. इथं काही ऊर्ध्वपातन नाही, त्यामुळे गोळा करून वाढणारं काही नाही. भट्टी कुणी लावत असेल तर मी या धाग्यातून बाहेर पडते.

कृष्णाकाठ | १८ एप्रिल, रात्री १०:१०

दोन्ही वेळा १.००८. दादा, तुमचा आकडा तंतोतंत. हिशेबानं ४.९ टक्के येतंय.

चव घेतली, कोमट, फेस नाही. कोरडी आहे, हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास आहे. पण मागून पिकलेलं केळं आणि जरा उग्र काहीतरी येतं. नेलपॉलिश म्हणावं इतकं नाही. जाईल का ते?

अजिंक्यतारा | १८ एप्रिल, रात्री १०:४५

केळं बाटलीत थोडं सौम्य होतं. उग्रपणा जड अल्कोहोलचा असेल तर राहील. ३० ला यीस्ट टाकल्याची ती खूण आहे. आधी दोन-तीन बाटल्या प्लॅस्टिकच्या सोड्याच्या भरा, दाबून कडक झाली की फेस धरला समजतं आणि फुटायची भीती नाही. दहा लिटरला ६० ग्रॅम साखर, पाण्यात उकळून.

हळद_बाजार | १८ एप्रिल, रात्री ११:००

म्हणून म्हणत होतो बेकरीचं यीस्ट. गरमीत वाढलेलं असतं ते.

अजिंक्यतारा | १८ एप्रिल, रात्री ११:१८

बेकरीच्या यीस्टनं बिअर होते, पण ते खाली बसत नाही, गढूळ राहते आणि चव पावाची. गरमीतलंच हवं तर नॉर्वेचं क्वाइक घ्या. त्यातलं व्हॉस नावाचं ३५ ते ४० ला सुखात काम करतं, संत्र्याचा वास देतं आणि उग्रपणा येत नाही. पुढची बॅच मे महिन्यात असेल तर मी तेच घेईन, टॉवेल आणि बाटल्या सगळं वाचलं. फक्त आपलं गाव रात्री गार होतं तेव्हा कॅन उघड्यावर ठेवू नका, ते यीस्ट गारठ्याला आळशी आहे.

वाई_घाट | १९ एप्रिल, सकाळी ७:५०

पण क्वाइकची बिअर सगळी सारखीच लागते असं ऐकलंय. जुना फ्रीज आणि बाहेरून लावायचा तापमान नियंत्रक घेतला तर कायमचा प्रश्न सुटत नाही का? टॉवेल जूननंतर चालणारच नाही, आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तर कॅन काय गार होणार.

अजिंक्यतारा | १९ एप्रिल, सकाळी ८:२०

टॉवेलचं अगदी बरोबर. फ्रीज सगळ्यात चांगला, वाद नाही. पण पहिल्याच बॅचवर कुणी फ्रीज घ्यावा असं मी म्हणणार नाही. क्वाइक सारखीच लागते हे मला मान्य नाही, कमी यीस्ट टाकलं तर वास जास्त येतो, पूर्ण पाकीट टाकलं तर कमी. ब्रूअरीत यावर आमचंही कधी एकमत झालं नाही.

बेदाणा | १९ एप्रिल, सकाळी ८:४०

ते धान्याचं पिळून राहिलेलं काय केलं? म्हशीला चालतंय का?

कृष्णाकाठ | १९ एप्रिल, सकाळी ९:०५

शेजारच्या गवळ्याला दिलं. हॉप्स त्यात नव्हते, ते उकळीत वेगळे होते. म्हशीनं खाल्लं, तो आता दर रविवारी विचारतो कधी करणार म्हणून.